साडेसहाशेचं पाकीट, बारा हजारांचं बिल

मेडिकलच्या काउंटरमागे ओळीने लावलेल्या पाकिटांवर एक मुलगी हसत असते. तिचे केस हलके तपकिरी, चमकदार, आणि पाकिटाची किंमत दोनशेपासून सात-आठशेपर्यंत. तिथून चार दुकानं पुढे सलॉन असतो. त्याच्या दरपत्रकावर ‘ग्लोबल कलर ४५०० ऑनवर्ड्स’, ‘बालायाज ८५०० ऑनवर्ड्स’ असं लिहिलेलं असतं. पाकीट आणि दरपत्रक यांच्यातला हा फरक पाहिला की कुणाच्याही मनात येतं, रंगच तर लावायचाय, एवढे पैसे कशाचे?

पांढरे केस झाकायचे असतील तर ही शंका अगदी रास्त आहे. काळ्यावर काळा किंवा गडद तपकिरी रंग चढवायला फारसं कसब लागत नाही. असंख्य घरांत महिन्याच्या एखाद्या रविवारी जुना टी-शर्ट घालून, आरशासमोर हे काम बिनबोभाट उरकतं. प्रश्न येतो तो पहिल्या मोठ्या बदलाच्या वेळी. जन्मभर काळे असलेले केस चारचौघांत दिसतील इतके तपकिरी, तांबूस किंवा राखाडी छटेचे करायचे असतात, म्हणजे केस आधी उजळावे लागतात. केस गडद करणं आणि उजळणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि पाकिटावरचा फोटो नेमकी हीच गोष्ट सांगत नाही.

उदाहरणादाखल एक डोकं घेऊ. पुण्यात नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची मुलगी, केस दाट आणि पाठीच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण ५५ सेंटिमीटर लांब. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. त्या हिशेबाने तिच्या केसांची टोकं जवळपास पावणेचार वर्षांपूर्वी डोक्याच्या कातडीतून बाहेर पडलेली आहेत. मुळाजवळचे ५ सेंटिमीटर गेल्या चार महिन्यांतले, त्यांना काहीच लागलेलं नाही. त्याखालचे सुमारे ३० सेंटिमीटर दोन वर्षांतले. त्या काळात चार पांढरे केस दिसले म्हणून तिने घरीच काळ्या रंगाची पाकिटं लावली, आणि दर वेळी मुळांना लावून उरलेलं मिश्रण वाया कशाला घालवायचं म्हणून खालपर्यंत ओढलं. शेवटचे २० सेंटिमीटर कॉलेजच्या दिवसांतले. त्यांच्यावर आईने लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी आहे, एका लग्नाच्या निमित्ताने केलेलं रीबॉन्डिंग आहे आणि वरून तोच काळा रंग आहे.

डोकं एकच, पण त्यावरचे केस तीन जातींचे. पाकिटाला हे कळायला मार्ग नाही.

तिला हवा आहे ‘ॲश ब्राऊन’, राखाडीकडे झुकणारा, लाली नसलेला तपकिरी. रंगकाम करणारे लोक केसांची गडदता एक ते दहा अशा पायऱ्यांनी मोजतात. एक म्हणजे काळाकुळकुळीत, दहा म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपल्याकडचे नैसर्गिक केस बहुधा एक ते तीनमध्ये बसतात. तिचे दोनवर आहेत आणि मोबाइलमध्ये जपून ठेवलेल्या फोटोतले सहा-सातवर. म्हणजे चार-पाच पायऱ्या चढायच्या आहेत.

पाकिटात साधारण दोन गोष्टी असतात, रंगाची क्रीम आणि डेव्हलपर. क्रीममधला अमोनिया केसाचं बाहेरचं खवल्यांचं आवरण सैल करतो. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, ते आत शिरून दोन कामं करतं. केसातलं नैसर्गिक रंगद्रव्य थोडंसं जाळतं, आणि क्रीममधल्या रंगहीन बारीक रेणूंची आत गाठ मारून त्यांचे मोठे रंगीत रेणू बनवतं. हे मोठे रेणू आतच अडकतात, म्हणून रंग पक्का होतो. यातलं उजळण्याचं काम किती होणार हे बरंचसं पेरॉक्साइडच्या तीव्रतेवर ठरतं. सहा टक्क्यांचं, ज्याला सलॉनमध्ये ‘ट्वेंटी व्हॉल्यूम’ म्हणतात, ते कोऱ्या केसांना एक-दोन पायऱ्या वर नेतं. नऊ टक्क्यांचं तीनपर्यंत पोचू शकतं. पण केस कोरे असतील तरच. आधी चढवलेला कृत्रिम रंग त्यावर दुसरा रंग लावून निघत नाही. रंगाने रंग उजळत नाही, हा या धंद्यातला पहिला धडा.

आता तिने हलक्या ॲश ब्राऊनची साडेसहाशेची दोन पाकिटं आणली असं धरू. या लांबीच्या दाट केसांना एक पाकीट पुरतच नाही. अर्ध्यावर मिश्रण संपतं आणि मग उरलंसुरलं ओढाताण करून फासलं जातं. तासाभराने केस धुतले की दिसतं असं: मुळाजवळचे पाच सेंटिमीटर लालसर तपकिरी झालेत, आणि त्यातही कातडीला लागून असलेला बोटभर पट्टा जास्तच भडक. डोक्याच्या उबेमुळे तिथे रसायनं भराभर काम करतात. त्याखाली मात्र केस होते तसे काळे. खिडकीपाशी उभं राहिलं तर कुठे किंचित झाक जाणवते एवढंच. फोटोतली राखाडी छटा कुठेच नाही, कारण काळा केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. लाल पायरीवर थांबलेल्या केसांवर राखाडी रंग चढवला तरी खालची लाली डोकावतेच.

इथपर्यंतचं नुकसान किरकोळ आहे. मुळांना पुन्हा गडद रंग लावला की प्रकरण मिटतं. खरी गडबड पुढच्या पावलाला होते. रंग चढला नाही, म्हणजे ब्लीच करायला हवं, असा निष्कर्ष काढून पावडर आणि बारा टक्क्यांचं डेव्हलपर ऑनलाइन मागवलं जातं. निष्कर्ष तसा चुकीचा नाही. जुना काळा रंग काढायला ब्लीचच लागतं. चूक होते ती ब्लीच लावण्यात.

ब्लीचचं मिश्रण लावल्या क्षणापासून काम करू लागतं आणि ओलं आहे तोवर थांबत नाही. दाट, लांब केसांना सवय नसलेल्या हातांनी ते लावायला पाऊण-एक तास सहज जातो. शेवटची बट माखून होईपर्यंत पहिल्या बटेचा वेळ संपलेला असतो. डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही, तिथे काही बटा कोरड्या राहतात, काही दोनदा माखल्या जातात. मुळं उबेमुळे दहा मिनिटांत फिकट नारिंगी, मधला भाग तीन थरांच्या काळ्या रंगामुळे विटकरी, आणि टोकं? रीबॉन्डिंगमध्ये केसांतले गंधकाचे बंध एकदा तोडून पुन्हा जोडलेले असतात. ब्लीच त्याच बंधांवर घाव घालतं. अशी टोकं धुताना हाताला बुळबुळीत लागतात. ओला केस दोन बोटांत धरून ताणला तर च्युइंगमसारखा लांबत जातो आणि परत आखडत नाही. वाळला की तो तुटतो. केस ‘ड्राय’ झालेत म्हणून तेल चोपडून किंवा मास्क लावून तो दुरुस्त होत नाही, कारण आतली बांधणीच गेलेली असते. कापणं एवढाच उपाय उरतो.

मेंदीचं प्रकरण वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या घरांमध्ये ते हमखास असतंच. निव्वळ मेंदीच्या पाल्यातलं रंगद्रव्य केसाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि ब्लीचलाही सहज दाद देत नाही. केस नारिंगीवर अडून बसतो. पण तेवढ्याने इजा होत नाही. धोका असतो तो मेंदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत. काहींमध्ये धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते तापतात, कधी केसातून वाफ निघते आणि बट जागच्या जागी कुजल्यासारखी होते. लोखंडी कढईतून उतरलेलं लोह किंवा बोअरवेलच्या जड पाण्यातून वर्षानुवर्षं साठलेली खनिजं इतकी उपद्रवी नसतात, तरी ब्लीचचं काम ती वेडंवाकडं करतात. म्हणून जाणता स्टायलिस्ट ‘पाणी कुठलं वापरता?’ असंही विचारतो आणि ब्लीचच्या आधी खनिजं काढणाऱ्या शाम्पूने केस धुऊन घेतो.

हेच डोकं चांगल्या सलॉनमध्ये गेलं तर काय होतं? पहिली वीस मिनिटं कात्री, ब्रश काहीच हातात येत नाही. गेल्या चार वर्षांत केसांना काय काय लागलं याची उलटतपासणी होते. मानेजवळच्या आतल्या थरातली एक बारीक बट घेऊन तिच्यावर ब्लीच लावून पाहिलं जातं. ओला केस ताणून तो परत येतो का ते बघितलं जातं. आणि मग बहुतेक वेळा तिला न आवडणारं उत्तर मिळतं: एका बैठकीत ॲश ब्राऊन होणार नाही. टोकांचे आठ-दहा सेंटिमीटर कापावे लागतील. पूर्ण डोकं उजळण्याऐवजी बालायाज करू, म्हणजे मुळं जशीच्या तशी काळी ठेवून मधल्या आणि खालच्या भागातल्या निवडक बटा हाताने रंगवत उजळू. आज कॅरमलपर्यंत जाऊ, राखाडीचं दीड-दोन महिन्यांनी बघू.

बिलातला मोठा वाटा या नकाराचा आहे, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही. बाकीचं काम चार-पाच तास चालतं. बारीक भाग पाडून, सहा टक्क्यांचं सौम्य डेव्हलपर घेऊन, आधी हट्टी काळ्या मधल्या भागाला आणि सगळ्यात शेवटी नाजूक टोकांना ब्लीच लावलं जातं. दर काही मिनिटांनी फॉइल उघडून रंग कुठवर आला ते पुसून पाहतात. एखादी बट आधी तयार झाली तर तेवढीच धुऊन टाकतात. शेवटी पंधरा-वीस मिनिटं टोनर, म्हणजे उघड्या पडलेल्या नारिंगीवर हलकी निळसर झाक देऊन तो शांत करणारा सौम्य रंग. घरी हे सगळं एका पाकिटात, एका वेळी, एकाच तीव्रतेने होत असतं.

आता हिशेब. हे आकडे पुणे-ठाण्याकडच्या मधल्या दर्जाच्या सलॉनचे साधारण अंदाज आहेत. नावाजलेल्या ठिकाणी दुप्पट, गल्लीतल्या पार्लरमध्ये निम्मे होऊ शकतात.

सलॉनच्या वाटेने गेल्यास पहिल्या बैठकीचे केसांच्या लांबीनुसार ११,००० रुपये. बंध सांभाळणारं औषध, ज्याला तिथे नुसतं ‘प्लेक्स’ म्हणतात, त्याचे १,५०० वेगळे. दुसऱ्या बैठकीचे ७,०००. टोनर धुण्याने उतरत जातो, वर्षात तीनदा तरी नव्याने लावावा लागतो, त्याचे मिळून ६,०००. सल्फेटविरहित शाम्पू आणि मास्कचे अडीच हजार. बेरीज २८,०००, कर सोडून. सलॉनसेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, म्हणजे पहिल्या बैठकीच्या ११,००० वर आता १,९८० ऐवजी ५५० रुपये पडतात. जुनं दरपत्रक लावून ठेवलेल्या ठिकाणी बिल नीट वाचलेलं बरं.

घरची वाट फसली तर? दोन पाकिटं १,३०० रुपये, ब्लीच-डेव्हलपर-वाटी-ब्रश धरून ९००, नारिंगी झाकायला पुन्हा दोन पाकिटं १,३००. साडेतीन हजार गेले आणि डोक्यावर तीन पट्टे उरले. ते निस्तरायला सलॉनमध्ये ‘कलर करेक्शन’ नावाचं निराळं काम असतं, ते तासांवर मोजतात आणि १२ ते १८ हजारांपर्यंत जातं. वर केस कापणं. सगळं मिळून १६ ते २३ हजार.

बेरीज काळजीपूर्वक पाहिली तर एक गैरसोयीची गोष्ट दिसते. फसलेला घरगुती प्रयोगसुद्धा वर्षभराच्या सलॉनच्या खर्चापेक्षा स्वस्तच पडतो. ‘घरी करून शेवटी दुप्पट पैसे जातात’ हे सलॉनवाल्यांचं लाडकं वाक्य आहे, ते दर वेळी खरं नसतं. फरक पैशांत कमी आणि केसांत जास्त आहे. २० सेंटिमीटर कापावे लागले तर ते परत यायला सोळा महिने लागतात, आणि ती लांबी कुठल्याच दरपत्रकावर विकत मिळत नाही. ज्या मुलीला खांद्यापर्यंतचे केस तसेही आवडतात, तिच्यासाठी हा धोका निराळा. पुढच्या डिसेंबरात लग्न ठरलेल्या मुलीसाठी निराळा.

दुसरं एक डोकं घेतलं तर निकाल पार उलटतो. केस खांद्यापर्यंत, कधीही रंग, मेंदी, रीबॉन्डिंग काही नाही, आणि हवा आहे तो गडद चॉकलेटी किंवा वाइन, म्हणजे दोन पायऱ्यांच्या आतला बदल. इथे दीड-दोन पाकिटांत, हजार-तेराशे रुपयांत काम होतं आणि सलॉनमधल्या पाच-सहा हजारांच्या ग्लोबल कलरपेक्षा ते फारसं वेगळं दिसत नाही. फक्त पत्रकात लिहिलेला क्रम आपल्या कामासाठी बदलावा लागतो. पांढरे झाकताना मुळांपासून सुरुवात करतात. कोरे काळे केस पहिल्यांदा उजळताना मात्र मुळांचे दोन-तीन सेंटिमीटर सोडून आधी लांबीला लावायचं आणि शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत मुळांना. नाहीतर तो भडक पट्टा ठरलेलाच. हाताशी कुणी तरी हवं, मागची बाजू बघायला. बहीण, मैत्रीण, रूममेट, कुणीही चालेल.

आपलं डोकं पहिल्या प्रकारचं की दुसऱ्या, हे पाकीट फोडण्याआधी कळू शकतं. मानेवरच्या आतल्या थरातून, जिथे कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणाहून पंचवीस-तीस केस मुळाजवळ कापायचे आणि एका टोकाला दोरा बांधायचा. हे केस मुळापासून टोकापर्यंत आख्खे हवेत, कंगव्यात अडकलेले तुकडे नकोत, कारण तिन्ही जाती एकाच बटेत दिसायला हव्यात. चमचाभर क्रीम आणि पत्रकातल्या प्रमाणात डेव्हलपर प्लास्टिकच्या झाकणात कालवायचं, धातूची वाटी नको. बट त्यात माखून पत्रकात दिलेला वेळ ठेवायची. हाताला ऊब लागली, फेस आला, वास बदलला तर तिथेच थांबायचं, केसात धातूचे क्षार असण्याची दाट शक्यता आहे. काहीच झालं नाही तर धुऊन, पूर्ण वाळवून दिवसाच्या उजेडात बघायचं. ओला केस नेहमी गडद दिसतो आणि बाथरूमचा पिवळा दिवा सगळंच सोनेरी दाखवतो. मूळ उजळलं आणि मध्य काळाच राहिला तर उत्तर मिळालं. उरलेली क्रीम आणि डेव्हलपर वेगवेगळं, झाकण लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी वापरता येतं. कालवलेलं मिश्रण मात्र ठेवायचं नसतं. ते फुगतं आणि बंद डबी फुटू शकते.

काही धोके असे आहेत की त्यांना घर आणि सलॉन यातला फरक समजत नाही. पक्क्या गडद रंगांत बहुधा पॅरा-फेनिलिनडायमिन असतं, पाकिटावर बारीक अक्षरांत पीपीडी म्हणून. बऱ्याच ‘काळ्या मेंदी’च्या पावडरींत रंग देणारा खरा घटक हाच असतो, मेंदी नावापुरती. याची ॲलर्जी पहिल्या वेळी दिसेलच असं नाही. वर्षानुवर्षं बिनत्रास लावणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी अचानक ती होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कानामागे खाज येते, कपाळ लाल होतं, पापण्या सुजून डोळे मिटतात. एकदा झाली की ती सहसा जन्माची सोबतीण. ब्रिटनमध्ये २०११ साली घरी रंग लावल्यावर कोसळलेली एक महिला वर्षभर बेशुद्ध राहून दगावली. चौकशीत असं पुढे आलं की काही वर्षांपूर्वी सुट्टीत तिने काळ्या मेंदीचा टॅटू काढून घेतला होता. समुद्रकिनाऱ्यांवर आणि जत्रांमध्ये काढल्या जाणाऱ्या काळ्याभोर तात्पुरत्या टॅटूंमध्ये हेच रसायन भरपूर असू शकतं आणि त्याने शरीर आधीच बिथरलेलं असतं. ज्यांनी असा टॅटू काढला आहे त्यांनी पॅच टेस्टशिवाय पाकिटाला हातही लावू नये.

पॅच टेस्ट म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थेंबभर रंग लावून ४८ तास वाट पाहणं. भारतात हेअर डायच्या पाकिटावर ही चाचणी आधी करावी आणि भुवया-पापण्यांना रंग लावू नये, अंधत्व येऊ शकतं, अशी सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत छापणं बंधनकारक आहे. घरी ती कुणी वाचत नाही. गंमत अशी की सलॉनमध्येही सहसा कुणी करत नाही, कारण गिऱ्हाईक शनिवारी येतं आणि शनिवारीच रंग हवा असतो. बारा हजार मोजूनही ही चाचणी आपण होऊन मागावी लागते. दोन दिवस आधी जाऊन कानामागे थेंब लावून घ्यायचा, पाच मिनिटांचं काम.

‘अमोनिया-फ्री’ या शब्दानेही पुष्कळांची फसगत होते. अमोनियाच्या जागी बहुतेकदा इथेनॉलअमाइन असतं. त्याला उग्र वास नसतो, इतकंच. पेरॉक्साइड असतं, पीपीडी किंवा त्याचा भाऊबंद असतो, आणि ॲलर्जीचा धोका तोच राहतो. उजळण्याची ताकद उलट थोडी कमी.

सलॉन म्हटलं की धोका संपला, असं मानण्याचंही कारण नाही. दरपत्रकावर मोठं नाव असतं आणि ब्लीच लावायला दुसऱ्या महिन्यातला शिकाऊ मुलगा येतो. तीन तासांचं काम दीड तासात आटोपायला बारा टक्क्यांचं डेव्हलपर काढलं जातं. कातडीला आग होत असेल तर ‘थोडं होतं मॅडम’ असं समजावलं जातं. चुरचुर वेगळी आणि आग वेगळी. आग झाली तर लगेच धुवायला सांगण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे. बिलाचीही एक तऱ्हा असते. ‘ऑनवर्ड्स’ हा शब्द खुर्चीत बसल्यावर वाढू लागतो. प्री-लाइटनिंग वेगळं, टोनर वेगळा, प्लेक्स वेगळं, धुऊन ड्रायर मारणं वेगळं, लांबी जास्त म्हणून त्याचे वेगळे. म्हणून बसण्याआधीच सगळं धरून आकडा कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर मागून घ्यावा. डेव्हलपर किती व्हॉल्यूमचं घेणार आणि ब्लीच कोण लावणार, हेही विचारावं. जो स्टायलिस्ट जुना रंग, मेंदी, रीबॉन्डिंग यांबद्दल काहीच न विचारता ‘हो जाएगा’ म्हणतो, त्याच्यापेक्षा घरचं पाकीट परवडलं. त्यात निदान उजळण्याची ताकद मर्यादित असते.

दोन्ही वाटांची मोळी बांधता येते आणि बहुतेकींसाठी तीच फायद्याची ठरते. ब्लीचचं काम, म्हणजे जिथे केस तुटू शकतात तेवढंच, सलॉनमध्ये करून घ्यायचं. नंतरची छटा टिकवण्याचं काम घरी होतं. नारिंगीकडे झुकलेल्या तपकिरी केसांना निळा शाम्पू, पिवळ्याकडे गेलेल्यांना जांभळा, आठवड्यातून एकदा. डेव्हलपर नसलेले, नुसते वरून चढणारे रंगीत मास्कही मिळतात. चुकले तरी ते काही धुण्यांत उतरतात. मुळं काळी ठेवलेला बालायाज असेल तर दर महिन्याला खुर्चीत बसायची गरज नसते, चार-पाच महिने सहज निघतात. पूर्ण डोकं उजळलं तर मात्र महिन्याभरात काळी रेघ डोकावते आणि मुळं उजळण्याचे दर वेळी दीड-दोन हजार. वर्षाला दहा फेऱ्या धरल्या तर एवढ्याचेच पंधरा-वीस हजार होतात. पहिल्या दिवसाची किंमत विचारताना हा आकडा विचारायला बहुतेक जणी विसरतात.

आणि सगळ्याचा कंटाळा आला, नवी नोकरी लागली, किंवा सासरी गृहप्रवेशाच्या फोटोत काळेच केस हवेत असं ठरलं, तर परतीचा खर्चही धरावा लागतो. ब्लीच केलेल्या केसांवर घरचं गडद तपकिरी पाकीट थेट लावलं तर पहिल्या दिवशी रंग छान दिसतो. दोन-तीन आठवड्यांत तो ठिकठिकाणी उतरून शेवाळी, मळकट दिसू लागतो. उजळताना केसातला लाल-नारिंगी थर निघून गेलेला असतो आणि त्याशिवाय तपकिरी रंगाला खाली आधार मिळत नाही. सलॉनमध्ये आधी तांबूस रंगाचा थर भरून घेतात आणि त्यावर तपकिरी चढवतात, या लांबीला पाच-सहा हजारांत. घरी करायचं असेल तर आधी तांबूस, डेव्हलपर नसलेला रंगीत मास्क लावून, केस वाळवून, मग तपकिरी पाकीट, तेही हव्या त्या छटेपेक्षा एक पायरी हलकं. ब्लीच केलेला केस स्पंजसारखा रंग शोषतो आणि पाकिटावरच्या फोटोपेक्षा नेहमी गडद होतो.